एकाच सेलमधला अख्खा पत्ता घर, रस्ता, भाग, शहर, पिन अशा रकान्यांत कसा तोडायचा?

वर्षा_करवीर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरीला आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी एक्सेलमध्ये काढली, साधारण अडीच हजार ओळी आहेत, पण प्रत्येकाचा अख्खा पत्ता एकाच सेलमध्ये बसलाय. नवीन सॉफ्टवेअरला घर, रस्ता, भाग, शहर आणि पिन असे पाच वेगळे रकाने लागतात. वार्षिक सभेच्या नोटिसा त्यातूनच निघणार. मागच्या सभेच्या वेळी बरीच पाकिटं परत आली होती, म्हणून यंदा पत्ते नीट करूनच भरायचं आम्ही ठरवलंय.

नमुने देते. नावं काढलीत, नंबर बदललेत.

```
1) 2104/5, ई वॉर्ड, राजारामपुरी 5 वी गल्ली, कोल्हापूर-416008
2) सि.स.नं. 871 ए वॉर्ड शिवाजी पेठ कोल्हापूर ४१६०१२
3) फ्लॅट नं. 3, दुसरा मजला, 12/3, ताराबाई पार्क, Kop. 416 003
4) शाहूपुरी पोलीस ठाण्यासमोर, न्यू शाहूपुरी, कोल्हापूर मो. 98XXXXXXXX
5) मु. पो. पाचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर
6) सांगली रोड, इचलकरंजी 416115
```

ऑफिसात एक्सेल 2019 आहे. सभासदांची माहिती असल्यामुळे यादी ऑनलाइन कुठेही चढवायची नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद आहे. काय करता येईल?

रांगडा_पाटील

ताई, सोपं आहे की वो. रकाना सिलेक्ट करा, Data मध्ये Text to Columns, Delimited, Comma वर टिक, Finish. दोन मिनिटांचं काम. आमच्या दूध संस्थेची यादी मी अशीच फोडली होती.

मसाला_घरचा

माझंही दुखणं हेच आहे. मी कांदा-लसूण मसाला कुरिअरनं पाठवते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पत्ता टाकतं, तोही चार ओळींत, मध्येच फोन नंबर, मध्येच "लवकर पाठवा ताई". मी पहिल्या दोन ओळींचे रकाने हातानं भरते आणि Ctrl+E दाबते, बाकीचे आपोआप भरतात. दिवसाच्या पंधरा-वीस ऑर्डरींना छान चालतं.

डीटीपी_मिरज

तुम्हाला लेबलंच छापायची असतील तर पत्ता तोडायची गरजच काय? वर्डमध्ये मेल मर्ज करा आणि पूर्ण सेल लेबलवर घ्या. आम्ही लग्नपत्रिकांची पाकिटं अशीच करतो.

वर्षा_करवीर

@डीटीपी_मिरज, लेबलं हा नंतरचा भाग झाला. सॉफ्टवेअरच पाच रकान्यांशिवाय फाईल घेत नाही. शिवाय भागवार आणि पिनवार यादी हवीय, म्हणजे वसुलीच्या मुलांनाही वापरता येईल.

@पाटील दादा, करून पाहिलं. सहा नमुन्यांत पाच तऱ्हा झाल्या. कुणाचं शहर चौथ्या रकान्यात, कुणाचं दुसऱ्यात. दोन नंबरच्या पत्त्यात तर स्वल्पविरामच नाही, तो तसाच्या तसा राहिला. आणि तीन नंबरमधला 12/3 गायब होऊन तिथं 12-Mar आलं!

अनघा_कु

वर्षाताई, ते 12-Mar आधी थांबवा, कारण ते नंतर परत मिळत नाही. Text to Columns तुकडे करताना प्रत्येक तुकडा जणू आत्ताच टाईप केलाय असं समजून त्याचा अर्थ लावतं. 12/3 दिसलं की तारीख. एकदा तारीख झाली की सेलमध्ये मूळ अक्षरं उरत नाहीत, एक आकडा उरतो. तुम्ही नंतर त्याला Text केलंत तरी पाच आकडी काहीतरी दिसेल. त्या विझार्डच्या तिसऱ्या पायरीत प्रत्येक रकाना निवडून Text करता येतो, ते न करता Finish दाबलं की घर नंबर गेले. शिवाय शेजारच्या रकान्यांत आधीचं काही असेल तर त्यावरच ते लिहितं. म्हणून मूळ पत्त्याचा रकाना A मध्ये जसाच्या तसा ठेवा आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

पण तुमची खरी अडचण तारखेची नाही, दिशेची आहे. स्वल्पविरामानं तोडलं की आपण डावीकडून मोजतो: पहिला तुकडा घर, दुसरा रस्ता. आपल्याकडचा पत्ता डावीकडे अगदी मोकळा असतो. कुणी घर नंबरनं सुरू करतं, कुणी "मु. पो."नं, कुणी "समोर"नं. उजवीकडे मात्र तो आवळत जातो. शेवटी पिन, त्याआधी शहर, त्याआधी बहुतेक वेळा भाग. म्हणून उजवीकडून सोलत या. पिन काढा, उरलेल्याच्या शेपटातून शहर काढा, मग भाग यादीशी जुळवा, मग डावीकडून घर उचला. जे उरेल तो रस्ता. रस्ता शोधायच्या भानगडीत पडूच नका, तो शेवटी आपोआप उरू द्या.

मसालाताई, तुमच्या वीस ऑर्डरी तुम्ही डोळ्यांनी बघता, म्हणून Ctrl+E ठीक आहे. अडीच हजार ओळींत ते गप्प चुकतं. नमुन्यात न बसणारी ओळ आली की ते थांबून विचारत नाही, काहीतरी भरून पुढे जातं.

वर्षा_करवीर

हे पटलं. सूत्रं सांगाल का? जुन्या एक्सेलमध्ये चालणारी.

अनघा_कु

सांगते, टप्प्याटप्प्यानं घेऊ. आधी सफाई. Ctrl+H नं ० ते ९ हे मराठी अंक 0 ते 9 करून घ्या, दहा वेळा बदलावं लागेल. हे A ची प्रत काढून तिच्यावर करा. ही प्रत दुसऱ्या शीटवर ठेवा किंवा अगदी उजवीकडे Z मध्ये ठेवा. मी Z धरते.

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(Z2,CHAR(160)," "),CHAR(10),", "))
C2: =SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),".","")
D2: =IFERROR(IF(AND(--RIGHT(C2,6)>=100000,ISERROR(--MID(C2,LEN(C2)-6,1))),RIGHT(C2,6),"तपासा"),"तपासा")
```

B मध्ये CHAR(160) आहे, ती वेबवरून किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून येणारी न तुटणारी मोकळी जागा. दिसते साध्या स्पेससारखी, पण TRIM तिला काढत नाही. CHAR(10) म्हणजे सेलच्या आतला ओळबदल.

D मध्ये शेवटचे सहा अंक घेतलेत, पण दोन अटी घालून. पहिली, संख्या एक लाखाच्या वर हवी. ही अट का? कुणी पिनमधला एक अंक विसरून "कोल्हापूर-16008" लिहिलं असेल तर शेवटची सहा अक्षरं "-16008" येतात, आणि एक्सेल त्याला बिनदिक्कत ऋण संख्या समजतं. दुसरी, त्या सहा अंकांच्या आधीचं अक्षर अंक नको. नाहीतर चार नंबरच्या पत्त्यात मोबाईलचे शेवटचे सहा अंक पिन म्हणून बसतील. दिसायला अगदी पिनसारखे, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आलेला पिन Text म्हणूनच राहू द्या. त्याची बेरीज कुणी करणार नाही, आणि संख्या केली की कुठेतरी 4,16,008 असं छापून येतं.

रांगडा_पाटील

पिन नसेल तर भागावरून भरून टाका की. राजारामपुरी म्हटलं की 416008, शिवाजी पेठ म्हटलं की 416012. एक तक्ता करा आणि VLOOKUP लावा.

निवृत्त_बटवडा

पाटील, तिथं जरा थांबा. माझी उभी हयात पोस्टात गेली. पिन हा भागाचा नंबर नव्हे, तो बटवडा करणाऱ्या पोस्ट ऑफिसचा नंबर आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला तो टपाल वर्गवारीसाठी. पेठेची हद्द आणि पोस्टमनच्या बीटाची हद्द एकच असेल असा नियम नाही. एकाच नावाच्या भागाच्या दोन टोकांना दोन पोस्टांतून टपाल जाऊ शकतं. आणि नवीन वसाहतींना लोक जवळच्या मोठ्या भागाचं नाव लावतात, तिथं तर भागावरून पिनचा अंदाज बांधायचाच नाही. कोरा पिन तुम्हाला सांगतो तरी की इथं बघायला हवं. चुकीचा भरलेला पिन गप्प बसतो.

दुसरं, 416 दिसलं म्हणून कोल्हापूर धरू नका. सांगली 416416, सावंतवाडी 416510, कुडाळ 416520. निदान तीन जिल्हे तरी 416 मध्ये आहेत. पहिल्या तीन अंकांवरून टपाल कुठल्या वर्गवारी जिल्ह्यात जायचं तेवढं कळतं, शहर कळत नाही.

वर्षा_करवीर

काका, मग ज्यांचा पिन नाही त्यांचं काय करायचं? असे बरेच निघतील असं वाटतंय.

निवृत्त_बटवडा

सभासद आहेत ना तुमचे? आधार किंवा वीजबिलाची प्रत केवायसीच्या फाईलीत असणारच, त्यावर पिन असतो. नाहीतर फोन करा. गल्लीच्या नेमक्या नावावरून जवळच्या पोस्टात विचारलंत तर पोस्टमन उभ्या उभ्या सांगेल.

रांगडा_पाटील

काका, निदान सुचवलेला पिन म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवायला हरकत नसावी. फोन करणाऱ्याला विचारायला सोपं जातं, "416008 च ना?"

निवृत्त_बटवडा

वेगळ्या रकान्यात ठेवला आणि त्याच्यावरून पाकीट गेलं नाही, तर चालेल.

अनघा_कु

आता शहर. आधी पिन कापून उरलेलं घ्या आणि टोकाला राहिलेला डॅश, स्वल्पविराम किंवा टिंब काढा.

```
E2: =TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,LEFT(D2,3)&" "&RIGHT(D2,3),""),D2,""))
F2: =IF(OR(RIGHT(E2)="-",RIGHT(E2)=",",RIGHT(E2)="."),TRIM(LEFT(E2,LEN(E2)-1)),E2)
```

मग "शहर" नावाची शीट करा. A रकान्यात लोक जसं लिहितात तसं, B मध्ये तुम्हाला हवं तसं प्रमाण नाव. कोल्हापूर, कोल्हापुर, Kolhapur, Kop, KOLHAPUR CITY, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल, सगळं. एक्सेल इथं लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच धरतं, त्यामुळे यादीत Kop आणि KOP एकदाच पुरतं. पण पुढे रस्ता काढतानाचं SUBSTITUTE तसं धरत नाही, म्हणून Z मध्ये Ctrl+H नं KOP, kop सगळं यादीतल्यासारखं Kop करून घ्या, बाकी इंग्रजी नावांचंही तसंच.

```
G2: =IFERROR(LOOKUP(2,1/(RIGHT(F2,LEN('शहर'!$A$2:$A$40))='शहर'!$A$2:$A$40),'शहर'!$A$2:$A$40),"तपासा")
```

यात F च्या शेपटाकडचीच अक्षरं यादीशी ताडून बघितली जातात. त्यामुळे "सांगली रोड, इचलकरंजी" मध्ये सांगली पकडली जात नाही, शेवटी असलेलं इचलकरंजीच सापडतं. स्वल्पविराम नसलेला दोन नंबरचा पत्ताही चालतो.

दोन गोष्टी सांभाळा. 40 च्या जागी तुमची यादी जिथं संपते तोच आकडा घाला. श्रेणीत एकही रिकामा सेल राहिला तर तो प्रत्येक पत्त्याशी जुळतो आणि उत्तरात 0 येतो. आणि यादीत लांब नोंदी खाली ठेवा. "जि. कोल्हापूर" ही नोंद "कोल्हापूर"च्या खाली ठेवून B मध्ये तिच्यासमोर "तपासा" लिहा. म्हणजे पाचगावचा पत्ता कोल्हापूर शहरात जाणार नाही. करवीर तालुक्यातली गावं अशीच वेगळी पडतील. त्यांच्या शहराच्या रकान्यात गावाचं नाव हवं, जिल्ह्याचं नको.

रांगडा_पाटील

लांब नोंदी वर ठेवायच्या असतात ना? "न्यू शाहूपुरी" आधी आणि "शाहूपुरी" नंतर, म्हणजे आधी मोठं सापडतं. मी कायम असंच करतो.

अनघा_कु

पाटील, MATCH किंवा VLOOKUP असेल तर तुमचं बरोबर आहे, ते वरून पहिलं सापडलेलं देतात. LOOKUP(2,1/...) उलटं वागतं. जे जुळतं तिथं त्याच्याकडे आकडा असतो, जे जुळत नाही तिथं त्रुटी. ते 2 शोधत असतं, 2 कुठेच मिळत नाही, म्हणून यादीतला शेवटचा आकडा जिथं असेल तिथं थांबतं. म्हणजे जुळलेल्यांपैकी सगळ्यात खालचं. इथं लांब नोंद वर ठेवली तर "न्यू शाहूपुरी"चे सगळे सभासद "शाहूपुरी"त जमा होतील.

यादीच्या शेजारी =LEN(A2) चा रकाना लावून चढत्या क्रमानं लावा, म्हणजे विचारच करायला नको. नवीन नोंद घातली की पुन्हा लावायचं, एवढंच.

वर्षा_करवीर

शहराचं झालं! तीन-चारशे "तपासा" आलेत, त्यात बहुतेक गावं आणि फोन नंबरवाले. आता भाग. इथं मला भीती वाटते. शिवाजी पेठ आहे, शिवाजी पार्क आहे, शिवाजी उद्यमनगर आहे, वर शिवाजी विद्यापीठाजवळ म्हणून लिहिणारे आहेत. आणि ताराबाई पार्क कुठं, ताराबाई रोड कुठं.

अनघा_कु

भीती योग्य ठिकाणी आहे. म्हणून यादीत नुसतं "शिवाजी" किंवा "ताराबाई" कधीच घालायचं नाही, पूर्ण नाव घालायचं. जोडून लिहिणाऱ्यांसाठी "शिवाजीपेठ" अशी वेगळी नोंद.

```
H2: =IFERROR(LOOKUP(2,1/SEARCH('भाग'!$A$2:$A$90,F2),'भाग'!$A$2:$A$90),"तपासा")
```

इथं शेपूट बघत नाही, पत्त्यात कुठेही असलं तरी चालतं, कारण भागानंतर कधी गल्ली येते, कधी खूण. पण म्हणूनच खुणा फसवतात. तुमचा चार नंबर बघा. "शाहूपुरी पोलीस ठाण्यासमोर" ही खूण आहे. तिथं सुदैवानं पुढे न्यू शाहूपुरी आहे. पण शाहूपुरी पोलीस ठाण्याचं नाव सांगणारा माणूस दुसऱ्याच भागातला असू शकतो. अशासाठी "शाहूपुरी पोलीस ठाण्या", "राजारामपुरी पोलीस ठाण्या", "ताराबाई रोड", "शिवाजी विद्यापीठा" या नोंदी भागांच्या यादीतच घाला आणि B मध्ये त्यांच्यासमोर भाग न लिहिता "तपासा" लिहा. त्या लांब असल्यामुळे खाली जातात आणि जिंकतात. काही बरोबर ओळीही यात अडकतील, त्या हातानं सोडवा.

G आणि H मध्ये पत्त्यात जशी अक्षरं होती तशीच ठेवलीत, हे लक्षात घ्या. प्रमाण नाव शेजारच्या वेगळ्या रकान्यात VLOOKUP नं आणा. कारण पुढे रस्ता काढताना मूळ पत्त्यातून हीच अक्षरं वजा करायची आहेत. "Kop" लिहिलेल्या पत्त्यातून "कोल्हापूर" वजा करायला गेलात तर काहीच वजा होणार नाही.

डीटीपी_मिरज

आमच्याकडे एका संस्थेची यादी आली होती, ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये. वर्डमध्ये मराठी दिसायची, एक्सेलमध्ये नुसती इंग्रजी चिन्हं. त्यावर तुमची ही SEARCH चालेल का?

अनघा_कु

नाही चालणार. त्यात मराठी अक्षरं नसतातच, फॉन्ट बदलून मराठी दिसतं इतकंच. आधी ती यादी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार मोडलेत का, ते गल्ल्यांच्या नावांवर नजर टाकून बघा.

वर्षा_करवीर

आमचं युनिकोडच आहे, सुदैवानं. घर नंबरचं सांगा. आणि एक विचारायचंय, "ई वॉर्ड" कुठं टाकायचं? भागात की घरात?

अनघा_कु

मी घरात टाकेन. आपल्या शहरात सिटी सर्व्हे नंबर वॉर्डवार आहेत. 871 हा नंबर ए वॉर्डात असू शकतो आणि ई वॉर्डातही. वॉर्ड सुटला की नंबर अर्धा राहतो. म्हणून दोघं एकाच रकान्यात.

```
I2: =IFERROR(LEFT(F2,SEARCH("वॉर्ड",F2)+LEN("वॉर्ड")-1),LEFT(F2,SEARCH(",",F2&",")-1))
J2: =TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(MID(F2,LEN(I2)+1,300),H2,""),G2,""))
```

वॉर्ड असेल तर तिथपर्यंत, नसेल तर पहिल्या स्वल्पविरामापर्यंत. LEN मुद्दाम घातलंय, कारण काना, मात्रा, हलन्त हे एक्सेल वेगळी अक्षरं म्हणून मोजतं. "वॉर्ड" आपल्याला दोन-तीन अक्षरांचा वाटतो, तिथं तो 5 आहे. सुरुवातीला Ctrl+H नं "वार्ड" आणि "Ward" चं "वॉर्ड" करून घ्या.

J मध्ये घर SUBSTITUTE नं काढलेलं नाही, डावीकडून तेवढी अक्षरं सोडून दिलीत. कारण घर नंबर नुसता 5 असेल तर SUBSTITUTE पत्त्यातला प्रत्येक 5 उडवेल आणि "5 वी गल्ली" ची "वी गल्ली" होईल.

तुमचा पहिला पत्ता यातून असा निघतो: घर "2104/5, ई वॉर्ड", भाग "राजारामपुरी", शहर "कोल्हापूर", पिन 416008, आणि J मध्ये ", 5 वी गल्ली," उरतं. दोन्ही टोकांचे स्वल्पविराम काढले की रस्ता तयार. दुसऱ्या पत्त्यात J रिकामा राहतो, आणि तो रिकामाच बरोबर आहे. शिवाजी पेठेतल्या त्या माणसानं रस्ता लिहिलेलाच नाही, आपण त्याच्यासाठी बनवायचा नाही.

तिसरा मात्र फसतो. घरात "फ्लॅट नं. 3" एवढंच येतं आणि "दुसरा मजला, 12/3" रस्त्यात जातं. फ्लॅट, Flat, ब्लॉक, दुकान गाळा यांनी सुरू होणाऱ्या ओळी फिल्टर करून हातानं बघा. त्यासाठी सूत्र लिहीत बसण्यापेक्षा ते लवकर होईल.

निवृत्त_बटवडा

अनघाताई, वॉर्डाबद्दल माझं मत वेगळं आहे. पोस्टमन पाकिटावर आधी भाग बघतो. वॉर्ड भागाच्या जवळ लिहिलेला असला की नजर एकाच ठिकाणी जाते. "ई वॉर्ड, राजारामपुरी" असं भागातच असू दे. शिवाय कित्येक जण वॉर्ड लिहितात पण नंबर लिहीत नाहीत. मग घराच्या रकान्यात नुसता "ई वॉर्ड" पडेल, त्याला घर कसं म्हणायचं?

अनघा_कु

काका, छापताना घर, रस्ता, भाग या क्रमानं छापलं तर वॉर्ड तसाही पाकिटावर येणारच. भागात घातला तर भागवार यादी काढताना "ई वॉर्ड राजारामपुरी" आणि "राजारामपुरी" असे दोन वेगळे भाग होतील. नंबराशिवायच्या वॉर्डाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, त्यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही.

मसाला_घरचा

सहावा रकाना करता येणार नाही का, वॉर्डाचा?

वर्षा_करवीर

सॉफ्टवेअर पाचच घेतं. पण माझ्या एक्सेलमध्ये ठेवायला हरकत नाही म्हणा. सध्या अनघाताई म्हणतात तसं घरात ठेवते, आणि काकांसाठी वेगळा वॉर्ड रकानाही ठेवते. साहेबांना विचारून ठरवू.

आणि "...समोर", "...जवळ", "...मागे" या खुणांचं काय? पोस्टमनला त्यांचाच उपयोग जास्त होत असेल.

निवृत्त_बटवडा

उपयोग होतो, टाकून देऊ नका. नवीन पोस्टमन बीटावर आला की तालमीचं, देवळाचं नाव बघूनच गल्लीत शिरतो. रस्त्याच्या शेवटी ठेवा.

अनघा_कु

खुणा J मध्येच उरतात, कारण आपण त्या कुठेच वजा केलेल्या नाहीत. दोन अपवाद. भागांच्या यादीत "तपासा" म्हणून घातलेल्या खुणा H मधून J मध्ये वजा होतात, त्या ओळी हातानं सोडवताना खूण परत लिहा. आणि पत्ता खुणेनंच सुरू होत असेल तर पहिला तुकडा म्हणून ती घरात जाते, तुमचा चार नंबर तसाच आहे. I रकान्यात "समोर", "जवळ", "मागे", "शेजारी", "Near", "Opp" असा फिल्टर लावा आणि त्या ओळींचं घर कोरं करून मजकूर रस्त्यात हलवा. पाच आणि सहा नंबरांचंही तेच. "मु. पो. पाचगाव" किंवा "सांगली रोड" हे घर नव्हे. थोडक्यात, I मध्ये एकही अंक नसेल ती ओळ संशयित समजा.

शेवटी तपासणीसाठी एक पिव्होट टेबल करा: ओळींत प्रमाण भाग, रकान्यांत पिन, आत मोजणी. राजारामपुरीच्या ओळीत 416008 खाली मोठा आकडा दिसेल आणि कुठेतरी दुसऱ्या पिनखाली 2 किंवा 3. ते दोन-तीन पत्ते उघडून वाचा. तिथं एक तर पिनमधला अंक चुकलेला असतो, नाहीतर खुणेतलं नाव भाग म्हणून पकडलेलं असतं, नाहीतर काका म्हणतात तशी हद्द असते. तिसरं कारण असेल तर तसंच राहू द्या.

वर्षा_करवीर

पिव्होट केला. एका भागाखाली सांगलीचा 416416 दिसला म्हणून उघडून बघितलं, तर पत्ता आणि पिन दोन्ही सांगलीचेच होते. तिथल्या कॉलनीचं नाव आणि आपल्याकडच्या भागाचं नाव एकच. म्हणजे भाग जुळवताना शहरही बघायला हवं.

अनघा_कु

हो. आधी G वर फिल्टर लावून फक्त कोल्हापूरच्या ओळींना ही भागांची यादी लावा. इचलकरंजी आणि सांगलीसाठी वेगळी छोटी यादी करा. सभासद थोडे असतील तर त्यांचे भाग हातानंच भरा.

आणि फाईल CSV करून द्यायची असेल तर सेव्ह केल्यावर ती पुन्हा एक्सेलमध्ये डबल-क्लिकनं उघडून सेव्ह करू नका. इतकं सांभाळलेला 12/3 तिथं परत 12-Mar होतो. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. सेव्ह करताना CSV UTF-8 हाच प्रकार निवडा. साध्या CSV मध्ये मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

रांगडा_पाटील

हे CSV चं माहीत नव्हतं. आमच्या यादीत गट नंबर 12/3 असेच असतात, आजच बघतो.

वर्षा_करवीर

"तपासा" लागलेल्या ओळी आता दीडशेच्या आसपास उरल्यात, त्यात पिन नसलेले जास्त. केवायसीच्या फाईली काढायला घेतल्यात. काका, पाचगाव आणि कळंब्याच्या काही सभासदांनी पिनच्या जागी शहरातला पिन लिहिलाय, त्यांची पाकिटं पोहोचतही होती म्हणतात. तो बदलायचा की ठेवायचा?

निवृत्त_बटवडा

पोहोचत असतील ती शहरातल्या पोस्टातून पुढे पाठवल्यामुळे, म्हणजे उशिरानं. गावाचा बटवडा कुठल्या पोस्टातून होतो ते गावच्या पोस्टात विचारून घ्या आणि मगच बदला. त्यांना विचारल्याशिवाय मात्र नको. काही जण मुद्दाम शहरातल्या नातेवाइकांचा पत्ता देतात आणि पुढे गावाचं नाव जोडतात.